धागा: गावाकडच्या चुलत भावाचं पत्र आलंय, जमिनीसाठी काहीतरी नवीन सुचव म्हणतो

वैशाली_पुणे

नमस्कार मंडळी. दिवाळीला काकू आली होती तेव्हा ज्वारीच्या पिशवीत वहीच्या पानांवर लिहिलेलं पत्र घेऊन आली, माझ्या चुलत भावाचं. सव्वीस वर्षांचा आहे, बी.ए. करून गावातच शेती करतो, घनसावंगी तालुका, जिल्हा जालना. फोनवर कधी एवढं बोलत नाही पण पत्रात सगळं लिहिलंय. त्याला विचारूनच इथे टाकतेय कारण मी बँकेत काम करते, मला शेतीतलं काही कळत नाही आणि उगाच काहीतरी ऐकीव सांगून त्याचं एक वर्ष वाया घालवायचं नाहीये. महत्त्वाचा भाग जसाच्या तसा देते, त्यातले दादा म्हणजे त्याचे वडील, माझे काका:

"ताई, पाच एकरात तीन कापूस आणि दोन सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, हे मी पाच वर्षं झाली करतोय. खतं, फवारणी, वेचणीची मजुरी काढली की हातात राहतं ते एका माणसाच्या वर्षाच्या पगाराएवढं पण नाही. मला गाव सोडायचं नाही, पण असंच करत राहिलो तर सोडावं लागंल. दादांना नवीन काय सांगितलं की ते फक्त मोसंबीच्या जागेकडं बघतात. तुला आठवतंय ना, २०१२-१३ ला सगळी बाग वाळली, दादांनी टँकर घालून बघितलं तरी गेली, दहा वर्षांची झाडं. म्हणून दादांचं एकच म्हणणं, पाच-सहा वर्षं वाट बघायची असं काय बी लावायचं नाही. तू चार लोकांत असतीस, शिकलेली माणसं भेटतात, काहीतरी नवीन विचार सुचव. पैसे मागत नाही. शेजारच्या गावात दोघांनी तुती लावून रेशीम सुरू केलंय, ते जमंल का ते पण विचार. आणि खाली नकाशा काढलाय, विहिरीवरची मोटर कोणत्या महिन्यात किती तास चालते ते लिहिलंय, बघणाऱ्याला उपयोग होईल."

नकाशा असा आहे: पश्चिमेच्या बांधाला लागून विहीर आणि मोसंबीची रिकामी पडलेली जागा, बांधापलीकडे शेजाऱ्यांचा कापूस. मधे आमचा कापूस. पूर्वेला सोयाबीन आणि त्यापलीकडे ओढा, ओढ्याच्या पुढे गायरान. मोटर नोव्हेंबरात ५ तास, जानेवारीत ३ तास, मार्चमध्ये १ तास, एप्रिल-मे मध्ये दिवसाआड अर्धा तास. तुती तो त्या मोसंबीच्या जागेवरच लावायची म्हणतोय, विहीर जवळ म्हणून.

काय सांगू त्याला?

काजूवाला_लांजा

माझा अनुभव सांगतो, आम्ही मुंबईतून परत येऊन लांज्यात काजू लावला आणि जुन्या घरात दोन खोल्या पर्यटकांसाठी केल्या, मे महिन्यात एक दिवस रिकामा जात नाही. भावाला म्हणावं घर साफसूफ कर, चुलीवरचं जेवण दे, पुण्यातली माणसं येतील. काजूला पाणी पण फार लागत नाही.

वैशाली_पुणे

@काजूवाला_लांजा धन्यवाद, पण आमच्याकडे मे महिन्यात ४२-४३ डिग्री असतं हो, आणि गाव मेन रोडपासून आत आहे. काजूला पण तीन-चार वर्षं थांबावं लागेल ना, काका तेच नको म्हणतायत.

तुतीवाला_गेवराई

वैशालीताई, तुमच्या भावाने मोटरचे तास लिहून पाठवलेत हे वाचूनच बरं वाटलं, आमच्याकडे लोक आधी तुती लावतात आणि मग विहिरीत डोकावतात. मी गेवराई तालुक्यातला, सहा वर्षं झाली रेशीम करतोय, एक एकर तुती आहे. सविस्तर लिहितो.

काकांची जी अट आहे ती तुती पाळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं लावली की चार-पाच महिन्यांनी रेशमाच्या अळ्यांची पहिली बॅच घेता येते आणि नंतर दर दोन महिन्यांनी पाला तयार. झाड पंधरा वर्षं टिकतं पण फळाची वाट बघायची नसते, पानं हेच पीक, तीच अळ्यांना खायला घालायची. दुसरी गोष्ट, मोसंबीला उन्हाळ्यात पाणी तुटलं की झाड जातं. तुती तशी नाही. पाणी कमी पडलं तर पाला येत नाही, तुम्ही बॅच घेत नाही, झाडाला मरणार नाही इतकंच पाणी द्यायचं आणि जूनमध्ये छाटलं की परत फुटतं. उन्हाळ्यात तसंही अळीला ४२ डिग्री सोसत नाही, तिला २५-२६ च्या आसपास लागतं, मी एप्रिल-मे मध्ये बॅच घेतच नाही.

पण पाण्याचा हिशोब तासात होत नाही, लिटरमध्ये होतो. भावाला म्हणा दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेव आणि मोबाइलवर सेकंद मोज. समजा ४० सेकंदात भरला तर तासाला १८ हजार लिटर झाले. एकरभर तुतीला ठिबकवर हिवाळ्यात दिवसाला दहा-बारा हजार लिटर धरा, मार्चमध्ये पंधरा-अठरा हजार. म्हणजे मार्चमध्ये एक तास मोटर चालते तर सगळं पाणी तुतीलाच, जनावरांना काही राहत नाही. म्हणून आधी ड्रम भरून आकडा सांगा, मग क्षेत्र ठरवू.

मोसंबी_अंबड

मी थोडं वेगळं सांगतो. मोसंबी वाईट नाही, पाण्याची सोय न करता लावली ते वाईट. शेततळं करा, अस्तर टाका, मग मोसंबीच लावा. रेशीम कोषाच्या दराचा काय भरोसा, आमच्या भावकीत एकाने सातशेचा दर बघून शेड बांधलं आणि त्याचा माल निघेपर्यंत दर निम्म्यावर आला, आता त्या शेडमध्ये कडबा आहे.

तुतीवाला_गेवराई

@मोसंबी_अंबड दर पडतात हे खरंय, नाकारत नाही. कोरोनाच्या वर्षी मी स्वतः किलोला सव्वादोनशेने कोष दिलेत आणि नंतर सातशेच्या पुढेही दिलेत. म्हणून मी हिशोब कायम चारशेने मांडतो. १०० अंडीपुंजाला, म्हणजे शंभर माद्यांनी घातलेल्या अंड्यांना, चांगलं जमलं तर ६५ किलो कोष, म्हणजे २६ हजार, त्यातून चॉकी म्हणजे थोड्या वाढवून मिळणाऱ्या लहान अळ्या, चुना, निर्जंतुकीकरणाची पावडर आणि बाहेरची मजुरी मिळून माझे नऊ-दहा हजार जातात. तीनशेच्या खाली दर गेला की घरच्या मेहनतीचे पैसे सुटत नाहीत, हे भावाला आधीच माहीत असावं. एक गोष्ट मात्र बाजूने आहे, पूर्वी आम्हाला रात्रभर प्रवास करून कर्नाटकात रामनगरला माल न्यावा लागायचा, २०१८ पासून जालन्यातच कोषांचं मार्केट झालं. घनसावंगीहून सकाळी निघून माल घालून दुपारी घरी येता येतं.

सुहास_कोर्टरोड

सगळे पिकावर बोलतायत, पण सातबारा कोणाच्या नावावर आहे? सामाईक असेल तर कुठलीही सरकारी योजना मिळत नाही, आधी वाटणी करावी लागेल आणि त्यात दोन-तीन वर्षं जातील. पीक नंतर बघा.

वैशाली_पुणे

सातबारा सामाईकच आहे. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हा काका, बाबा आणि दोन आत्या अशी नावं लागली, बाबा गेल्यावर त्यांच्या जागी आई आणि मी. भावाचं नाव कुठेच नाही. हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, तो ज्या जमिनीवर राबतो त्या सातबाऱ्यावर मी आहे आणि तो नाही.

निवृत्त_मंडळाधिकारी

सुहासराव, अर्धं बरोबर आहे. सामाईक म्हणून योजना मिळतच नाही असं नाही. बाकीच्या सहधारकांनी संमतीपत्र लिहून दिलं की एका खातेदाराच्या नावाने प्रस्ताव करता येतो, माझ्या नोकरीत अशी किती तरी प्रकरणं बघितली. अडतं कुठे, तर सगळे सहधारक एका वेळी सापडत नाहीत. एक बहीण परगावी, एक भाऊ रुसलेला, एखादा वारल्यावर पुढची वारस नोंदच केलेली नाही. मुलाचं नाव नाही म्हणजे प्रस्ताव काकांच्या नावाने जाईल.

वाटणी करायचीच असेल तर सगळे राजी असताना जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, कोर्टात जायची गरज नाही. पण एकाही सहधारकाची हरकत आली की ते तिथेच थांबतं. म्हणून ताई, तुम्ही आधी संमतीपत्र करा आणि त्यात पीक, क्षेत्र, शेड कुठल्या बाजूला होणार हे स्पष्ट लिहा. शेड पक्कं बांधकाम आहे. उद्या वाटणीत ती बाजू दुसऱ्याच्या वाट्याला आली तर भांडण त्या शेडवरूनच होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सिंधू_परतूर

मी एवढं मोठं लिहीत नाही कधी, पण आमच्याकडे दोन वर्षं रेशीम आहे म्हणून लिहिते. वैशालीताई, तुमच्या काकू काय म्हणतात ते विचारलं का? कारण काम बाईच्याच अंगावर येतं. चॉकीच्या अळ्या आणल्या की पहिले आठ-दहा दिवस काही वाटत नाही, थोडा पाला लागतो. चौथा मोल्ट, म्हणजे चौथ्यांदा कात टाकून अळ्या उठल्या की मग सात-आठ दिवस घरात कोणाला झोप नसते. सगळ्या पाल्यातला ऐंशी टक्क्यांवर पाला त्या आठवड्यातच खातात. पहाटे पाचला फांद्या कापायच्या, कारण उन्हात कापलेला पाला सुकतो आणि सुकलेला पाला अळी खात नाही. दिवसातून तीन वेळा पाला, रात्री दहाचा पाला आमच्या सासूबाई टाकतात. शेडमध्ये गेलं की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो खाण्याचा. तो आवाज कमी झाला की मी आधी अळ्या बघते, मोल्टला बसल्या की आजारी पडल्या.

त्या आठवड्यात घरात लग्न, बाळंतपण, कापूस वेचणी काही आलं तर बॅच जाते. आमची एक अशीच गेली. तेव्हा भावाला म्हणावं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वेचणीच्या दिवसात बॅच धरायची असेल तर माणसं आधी मोज.

वैशाली_पुणे

@सिंधू_परतूर नाही विचारलं. आज रात्रीच फोन करते.

तुतीवाला_गेवराई

सिंधूताईंनी जे लिहिलं ते कोणत्या ट्रेनिंगमध्ये असं सांगत नाहीत. आता मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटतेय ती लिहितो, नकाशा बघितल्यापासून डोक्यात आहे.

भाऊ तुती पश्चिमेच्या बांधाला लावतोय, पलीकडे शेजाऱ्यांचा कापूस. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडूनच येतो. शेजारी जुलै ते ऑक्टोबर फवारणार आणि त्याचे तुषार थेट तुतीवर. कापूस-सोयाबीनवर मारायची औषधं अळी मारायलाच बनवलेली असतात आणि रेशीमकिडा पण अळीच आहे. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलसारखं औषध पानावर इतक्या कमी प्रमाणात असलं तरी भारी पडतं की डोळ्याला, नाकाला काही कळत नाही, आणि पंधरा दिवसांनीही त्याचा परिणाम राहतो.

माझी तिसरी बॅच अशीच गेली आणि त्यात शेजाऱ्याचा दोष नव्हता, माझाच होता. शेड पूर्ण झालं नव्हतं म्हणून जुन्या गोठ्यात बॅच घेतली. गोठा धुतला, चुना मारला, सगळं केलं. पण कोपऱ्यात माचणावर फवारणीचा पंप आणि औषधाच्या अर्ध्या बाटल्या होत्या, त्या तशाच राहिल्या आणि पाला आणायला जे पोतं वापरलं ते पण तिथलंच. चौथ्या मोल्टनंतरच्या पाचव्या अवस्थेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अळ्या डोकं इकडून तिकडं हलवतायत, तोंडातून हिरवं पाणी, अंग आखडलेलं. दुपारपर्यंत दीडशे अंडीपुंजाच्या अळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून खड्ड्यात पुरल्या. विषबाधा अशी ओळखायची, हिरवी उलटी आणि सगळ्या एकदम. रोग असला तर थोड्या-थोड्या मरतात, ग्रासरी असली तर अळी फुगते, पिवळी पडते आणि फुटली की दुधासारखं पाणी निघतं.

आणि याच्यापेक्षा फसवं म्हणजे औषधाचा अंश अगदी कमी असला तर अळी मरतच नाही. खाते, मोठी होते, दिसायला छान, पण पिकत नाही. कोष विणायच्या चंद्रिकेवर टाकली तरी कोष विणत नाही, नुसती फिरत राहते. पंचवीस दिवसांचा पाला आणि मेहनत गेल्यावर कळतं.

म्हणून दोन गोष्टी. तुती पूर्वेला ओढ्याच्या बाजूला लावा, विहिरीपासून पाइप लांब न्यावा लागेल, तो खर्च करा. आणि दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, ती म्हणजे मधे तुमचाच कापूस आहे. एक एकर तुती लावली की उरलेल्या चार एकरात काय फवारायचं, कधी फवारायचं हे तुती ठरवणार. तुतीच्या बाजूच्या पट्ट्यात ज्वारी किंवा जनावरांचं गवत घ्यावं लागेल. हे काकांना मान्य आहे का? शंका आली की मी आजही आधी पन्नास-साठ अळ्या बाजूला काढून त्यांना त्या पाल्याच्या चार फांद्या घालतो आणि एक दिवस थांबतो, मगच सगळ्यांना.

मोसंबी_अंबड

हे बघा, तुम्हीच सांगताय, फवारणी बंद करा, झोप सोडा, दर पडला तर गप्प बसा. मग कापूस काय वाईट आहे.

तुतीवाला_गेवराई

कापसाचे पैसे वर्षातून एकदा, आणि बोंडअळीने किंवा पावसाने मारलं की वर्ष गेलं. इथे एक बॅच गेली तर दोन महिन्यांनी दुसरी असते. मला त्याचाच आधार वाटला. तुम्हाला नसेल वाटत, शेततळ्याला जागा आणि पैसे असतील तर मोसंबीही होईल. त्यांच्याकडे पाच एकरात शेततळ्याला किती जागा द्यायची हा प्रश्न आहेच.

वैशाली_पुणे

चार दिवसांनी येतेय, भावाशी, काकूशी, काकांशी सगळ्यांशी बोलले.

ड्रम भरायला ५२ सेकंद लागले. त्याने तीनदा मोजलं. म्हणजे तासाला साधारण १३ हजार ८०० लिटर होतात ना? दोन बैल, एक म्हैस आणि घरचं धरून रोज सातशे-आठशे लिटर जातात म्हणे.

काकू म्हणाली पहाटे उठायचं तिला काही नाही, एरवीही उठते, पण नोव्हेंबरात वेचणी आणि अळ्या एकत्र जमणार नाहीत, कापूस कमी केला तरच. भाऊ तयार आहे, म्हणतो एक एकर कापूस कमी करून त्या पट्ट्यात कडवळ घेऊ. काका काही बोलले नाहीत. भाऊ म्हणाला दादा संध्याकाळी ओढ्याच्या बाजूला जाऊन बराच वेळ उभे होते.

संमतीपत्राला आई आणि मी तयार आहोत. मोठी आत्या लगेच हो म्हणाली. धाकट्या आत्याने विचारलं की सही केली तर माझा हक्क जाईल का, मला नीट उत्तर देता आलं नाही.

निवृत्त_मंडळाधिकारी

संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. संमतीपत्रात फक्त एवढंच लिहा की अमुक गटातल्या अमुक क्षेत्रावर तुती लागवड आणि संगोपनगृहासाठी योजनेचा लाभ काकांनी घ्यायला आमची हरकत नाही, आमचा मालकी हिस्सा कायम आहे. शेवटचं वाक्य आत्याबाईंना स्वतः वाचायला द्या, फोनवर वाचून दाखवू नका. आत्याबाईंची शंका रास्त आहे, बऱ्याच बहिणींच्या सह्या अशाच घेतल्या गेल्यात.

तुतीवाला_गेवराई

५२ सेकंद म्हणजे एक एकर नको. मार्चमध्ये जनावरांचं काढून तेरा हजार उरतात, त्यात वीस गुंठे आरामात आणि भारनियमनात एखादा दिवस गेला तरी चालतं. एप्रिल-मे मध्ये दिवसाआड अर्धा तास, म्हणजे सरासरी रोज साडेतीन हजार, घरचं काढून पावणेतीन हजार. वीस गुंठ्यांत साधारण दोन हजार सातशे झाडं बसतात, म्हणजे झाडाला लिटरभर. पाला येणार नाही पण झाड जगेल. वीस गुंठ्यांवर ७५ अंडीपुंजाची बॅच धरा, वर्षाला चार, पहिल्या वर्षी दोनच.

रोहयोतून लागवड आणि शेड करायचं असेल तर जॉबकार्ड लागेल आणि नोंदणी हिवाळ्यातल्या महारेशीम अभियानात होते, आता तीच वेळ आहे. जिल्हा रेशीम कार्यालयात जाताना वीस गुंठे चालतात का, की पूर्ण एकरच दाखवावं लागतं हे आधी विचारा. एकर दाखवायलाच लागत असेल तर माझा सल्ला आहे योजना सोडा आणि वीस गुंठे स्वतःच्या पैशाने करा. लोकांना हे पटत नाही, मला माहीत आहे.

सुहास_कोर्टरोड

योजना सोडा हे मला नाही पटत. शेडचा खर्च कोण करणार? लाखाच्या पुढे जातो.

तुतीवाला_गेवराई

७५ अंडीपुंजाला पहिली दोन वर्षं बांबू आणि शेडनेटचं साधं शेड चालतं, वरून पाचट, बाजूला उझी माशीसाठी जाळी. जाळीत कंजुषी नको, ती माशी अळीवर अंडी घालते, अळीच्या अंगावर काळा डाग दिसतो आणि कोषाला भोक पडतं, मग त्याला दर मिळत नाही. पावसाळ्यात असलं शेड दमट होतं हे खरं, तेव्हा चुना जास्त आणि बॅच लहान.

सिंधू_परतूर

आम्ही सुरुवात अशाच शेडमध्ये केली होती. थंडीत रात्री फार गार पडतं, पोत्यांचे पडदे लावले तरी. जानेवारीच्या बॅचला अळ्या पांढऱ्या खडूसारख्या कडक होऊन मेल्या थोड्या. तेवढं ध्यानात ठेवा. काकूंना माझा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा वैशालीताई, शेजारच्याच तालुक्यात आहे मी, एक बॅच सुरू असताना येऊन बघू द्या त्यांना. पाचव्या अवस्थेतच या म्हणावं, कोष झाल्यावर नको.

वैशाली_पुणे

@सिंधू_परतूर निरोप पाठवलाय. काकू आणि भाऊ दोघं येतील.

शनिवारी मी धाकट्या आत्याकडे परभणीला जातेय, संमतीपत्राचा मसुदा हातात घेऊन. भावाने रोपवाटिकेसाठी विहिरीजवळचा एक वाफा मोकळा केलाय, म्हणतो शेजारच्या गावातून तुतीच्या व्ही-१ जातीची बेणं जानेवारीत मिळतील, जूनपर्यंत रोपं होतील. एकर की वीस गुंठे हे रेशीम कार्यालयात जाऊन आल्यावर लिहिते. काका अजून काही बोलले नाहीत, पण पूर्वेच्या तुकड्यात पाइप किती फूट लागेल ते पावलांनी मोजून आले, भावाने आज सकाळी सांगितलं. दोनशे ऐंशी पावलं.